मधोमध सपाट : बॅक्संडॉलच्या टोन कंट्रोलची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये घरी बसून रेकॉर्ड ऐकणाऱ्या हौशी माणसाला आवाजाचा पोत सतत दुरुस्त करावा लागत असे. ती चैन नव्हती, गरज होती. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर खर्जाचे सूर पूर्ण ताकदीने कोरताच येत नसत. खर्जाला सुईची हालचाल मोठी लागते, आणि ती तशी होऊ दिली तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसते. म्हणून कोरतानाच साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज क्रमाने कमी केला जाई. तो नेमका कुठून आणि किती कमी करायचा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवी. तबकडी वाजवताना तेवढा खर्ज परत चढवावा लागे, आणि एका कंपनीच्या तबकडीला जो चढ योग्य तो दुसरीला जास्त होई. वरच्या टोकाला वेगळीच अडचण होती. लाखेची खरखर नेमकी तिथेच बसलेली असे, त्यामुळे जुनी तबकडी लावली की ट्रेबल उतरवायचा आणि नवी चांगली तबकडी लावली की पुन्हा चढवायचा. १९५० साली डेक्काने ब्रिटनमध्ये लाँग प्ले तबकड्या आणल्या तेव्हा खरखर खूपच कमी झाली, पण घरात जुन्या-नव्या दोन्ही तबकड्या नांदू लागल्या आणि ही उठाठेव उलट वाढली.

त्या काळच्या साध्या रेडिओला 'टोन' नावाचा एकच नॉब असे. त्याच्या मागे एक कंडेन्सर आणि त्याच्याशी जोडलेला बदलता रेझिस्टन्स. नॉब फिरवला की वरचे सूर कंडेन्सरमधून जमिनीकडे निघून जात आणि आवाज मवाळ होई. हा नॉब फक्त कापू शकत होता. वाढवणं त्याच्या हातात नव्हतं. चांगल्या अँप्लिफायरमध्ये मग टप्प्याटप्प्याचे फिरते स्विच लावत. एका टप्प्यावर बेसची थोडी वाढ, पुढच्यावर जास्त वाढ, मागच्यावर घट. प्रत्येक टप्प्याला स्वतःचे रेझिस्टन्स आणि कंडेन्सर. स्विच महाग, जोडणी किचकट, फिरवताना स्पीकरमध्ये टकटक, आणि दोन टप्प्यांच्या मधली जागा मिळायची नाहीच. स्विच टाळायचा तर बेसची वाढ, बेसची घट, ट्रेबलची वाढ, ट्रेबलची घट असे चार नॉब बसवावे लागत.

एकाच पॉटने दोन्ही कामं करणं इतकं अवघड का होतं, हे समजून घेतलं तरच पुढची युक्ती किती देखणी आहे ते कळतं. नुसत्या रेझिस्टन्स आणि कंडेन्सरच्या जाळीला आवाज मोठा करता येत नाही. ती फक्त वाटून देऊ शकते, म्हणजे आलेल्या व्होल्टेजचा काही भाग पुढे पाठवू शकते. अशा जाळीकडून बेस दहापट चढवून हवा असेल तर एकच मार्ग उरतो. आधी सगळाच आवाज एक दशांश करून ठेवायचा, आणि बेस चढवायचा असेल तेव्हा तो न कापता पूर्ण जाऊ द्यायचा. बाकीच्यांच्या तुलनेत बेस दहापट झाला, म्हणजे डेसिबलच्या भाषेत २० डेसिबल चढला. बेस उतरवायचा असेल तर त्या एक दशांशाचाही आणखी एक दशांश करायचा.

'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात फेब्रुवारी १९४९ मध्ये ई. जे. जेम्स यांनी याच तत्त्वावरची एक सुटसुटीत जाळी छापली. बेसला एक पॉट, ट्रेबलला एक पॉट, स्विच नाही. प्रत्येक पॉट मधल्या जागेवरून एका बाजूला वळवला की वाढ, दुसऱ्या बाजूला वळवला की घट. चार नॉबांचे दोन झाले, आणि हे काम जेम्स यांचं आहे हे ठासून सांगायला हवं, कारण पुढे त्यांच्या जाळीवर भलतंच नाव चिकटलं.

जेम्स यांच्या जाळीला दोन दुखणी होती आणि दोन्ही एकाच मुळातून आलेली. पहिलं म्हणजे नॉब मध्यावर, आवाजात काहीच बदल नको, अशा स्थितीतसुद्धा जाळी आवाजाचा एक दशांशच पुढे देई. उरलेला नऊ दशांश गेला तो गेला. तो भरून काढायला आणखी एक व्हॉल्व्ह लागे, आणि त्या व्हॉल्व्हबरोबर त्याचा खरखराट आणि त्याची विकृतीही येई. दुसरं दुखणं पॉटमध्ये होतं. सपाट आवाज म्हणजे एक दशांश आवाज, त्यामुळे नॉब मधोमध असताना पॉटच्या आतली वाटणी एकास नऊ असावी लागे. साध्या, एकसारख्या वाढत्या रेझिस्टन्सच्या पॉटमध्ये मधोमध वाटणी निम्मी-निम्मी होते. म्हणून जेम्स यांच्या जाळीला लॉग पॉट लागत, ज्यांचा रेझिस्टन्स सुरुवातीला हळू आणि नंतर झपाट्याने वाढतो. असे पॉट बनवताना कार्बनच्या पट्टीवर वेगवेगळ्या रेझिस्टन्सचे थर जोडावे लागतात आणि दोन पॉट सहसा सारखे निघत नाहीत. नॉबची खूण मध्यावर असे, आवाज मात्र सपाट नसे. तो सपाट नेमका कुठे होतो हे प्रत्येक नगावर कानाने शोधावं लागे.

या दुखण्यांवरचा इलाज खरं तर आधीच हाताशी होता. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेतले हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ च्या ऑगस्टमध्ये हडसन नदी ओलांडताना फेरीबोटीवर निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली होती. अँप्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही भाग उलटा करून परत आत द्यायचा. अँप्लिफायरची वाढ कमी होते, पण त्याबरोबर त्याची विकृतीही कमी होते, आणि जी वाढ उरते ती व्हॉल्व्हच्या लहरीवर न राहता बाहेर जोडलेल्या रेझिस्टन्सांवर ठरते. १९४७ साली विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड'मध्येच आपला प्रसिद्ध अँप्लिफायर छापला, तेव्हापासून ब्रिटनमधल्या प्रत्येक हौशी माणसाला फीडबॅकचं महत्त्व पटलं होतं. पण बहुतेकांच्या लेखी फीडबॅक म्हणजे विकृती कमी करण्याचं औषध. आवाजाला आकार द्यायचं हत्यार म्हणून त्याच्याकडे पाहणारे थोडे होते.

पीटर बॅक्संडॉल हे अशा थोड्यांपैकी एक. जन्म १९२१ चा. ते माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत काम करत. इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या या डोंगराळ गावात युद्धकाळात सरकारने रडारच्या संशोधकांचा मोठा ताफा हलवला होता. रडारच्या कामात व्होल्टेजची बेरीज करणं, ठराविक आकाराच्या लहरी तयार करणं अशी कामं व्हॉल्व्ह आणि फीडबॅक यांच्या जोडीने रोज करावी लागत. त्या वातावरणात वावरणाऱ्या माणसाला टोन कंट्रोलचा प्रश्न वेगळा दिसला असेल यात मला काही नवल वाटत नाही. ऑक्टोबर १९५२ च्या 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये त्यांचा निगेटिव्ह फीडबॅक टोन कंट्रोलवरचा लेख आला. मथळ्याखालीच ग्वाही होती की बेस आणि ट्रेबल एकमेकांपासून स्वतंत्रपणे बदलता येतील, तेही स्विचशिवाय.

त्यांनी काय केलं ते समजायला जेम्स यांची जाळी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या वरच्या टोकाला आवाज आत येतो, खालचं टोक जमिनीला जोडलेलं असतं, आणि पॉटच्या मधल्या पायावरून आवाज पुढे जातो. आता खालचं टोक जमिनीवरून सोडवायचं आणि व्हॉल्व्हच्या बाहेर पडणाऱ्या आवाजाला जोडायचं. मधला पाय व्हॉल्व्हच्या ग्रिडला. व्हॉल्व्ह आवाज उलटा करतो, म्हणजे आत व्होल्टेज वर गेलं की बाहेर खाली जातं. त्यामुळे जाळीच्या एका टोकाला मूळ आवाज आणि दुसऱ्या टोकाला त्याचंच उलटं रूप, आणि मधला पाय या दोघांच्या ओढाताणीत सापडतो.

ब्रिटिश इंजिनियर त्या काळी अशा जोडणीला सी-सॉ सर्किट म्हणत, आणि बागेतल्या सी-सॉची फळी इथे खरोखरच अचूक लागू पडते. व्हॉल्व्हची वाढ मोठी असली की ग्रिड जवळजवळ हलतच नाही. ते जरा जरी हललं तरी बाहेरचं व्होल्टेज लगेच उलट्या दिशेने जाऊन त्याला जागेवर आणतं. तेच फळीचं टेकण. फळीचं एक टोक हाताने हलवलं की दुसरं टोक उलट्या दिशेने हलतं, आणि किती हलतं ते दोन्ही बाजूंच्या लांब्यांवर ठरतं. टेकण बरोबर मधोमध असेल तर दोन्ही टोकं सारखीच हलतात. टेकण हाताच्या टोकाजवळ सरकवलं तर दुसरं टोक मोठी झेप घेतं. दुसऱ्या टोकाजवळ सरकवलं तर ते जेमतेम हलतं. बॅक्संडॉलच्या सर्किटमध्ये पॉटचा नॉब फिरवणं म्हणजे हे टेकण सरकवणं. एकाच पॉटला वाढ आणि घट दोन्ही का जमतात, याचं सगळं उत्तर एवढ्यात आलं.

आकड्यांत पाहू. आजच्या एखाद्या साध्या बोर्डावर सापडतील अशा किमती घेतो. बेसचा पॉट १०० किलोओहमचा, साधा लिनिअर. त्याच्या दोन्ही टोकांना १०-१० किलोओहमचे रेझिस्टन्स, एक आत येणाऱ्या आवाजाकडे जाणारा, दुसरा बाहेर पडणाऱ्या आवाजाकडे. अगदी खोल खर्जासाठी कंडेन्सर विसरूया. नॉब मधोमध असताना आतल्या बाजूला १० आणि ५० मिळून ६० किलोओहम, बाहेरच्या बाजूलाही ६०. भागाकार एक, आवाज जसा आला तसा गेला. नॉब पूर्ण वाढीकडे फिरवला की आतल्या बाजूला फक्त १०, बाहेरच्या बाजूला ११०. वाढ अकरापट, म्हणजे सुमारे २१ डेसिबल. नॉब पूर्ण घटीकडे नेला की तेच आकडे जागा बदलतात, आत ११० आणि बाहेर १०, म्हणजे आवाज एक अकरांश, उणे २१ डेसिबल.

वाढ आणि घट एकमेकांचं अचूक उलट रूप आहेत, कारण दोन्ही एकाच भागाकारातून येतात आणि नॉब फक्त अंश आणि छेद यांची अदलाबदल करतो. त्यामुळे सपाट जागा यांत्रिक मध्यावरच येते. लॉग पॉटची गरजच उरत नाही. नॉब मध्यापासून थोडासा, पॉटच्या एक दशांशाइतका सरकवला तर बाजू ७० आणि ५० होतात, म्हणजे जेमतेम ३ डेसिबल. मध्य आणि टोक यांच्या बरोबर अर्ध्यावर नेला तर ८५ आणि ३५, म्हणजे साडेसात डेसिबलच्या आसपास. उरलेला सगळा चढ शेवटच्या भागात येतो. मध्याजवळ नॉब मऊ आणि टोकाला तीव्र, जसा ऐकणाऱ्याला हवा अगदी तसा, आणि तो मिळतो सर्वात साध्या, सर्वात स्वस्त पॉटमधून. जेम्स यांच्या जाळीतला नऊ दशांशाचा तोटाही नाही. नॉब मध्यावर असताना व्हॉल्व्ह भरपूर फीडबॅकखाली काम करतो, म्हणून विकृतीही कमी राहते.

टेकण पूर्ण स्थिर मात्र नसतं, आणि इथे १९५२ च्या व्हॉल्व्हची मर्यादा दिसते. व्हॉल्व्हची स्वतःची वाढ १०० पट असली तर पूर्ण वाढीला हिशेबाने येणारे ११ पट प्रत्यक्षात ९.८ पटच मिळतात, साधारण एक डेसिबल कमी. वाढ कमी असलेला व्हॉल्व्ह वापरला तर फरक आणखी मोठा. नंतर आयसीतले अँप्लिफायर आले, त्यांची वाढ हजारो-लाखो पटींची, आणि हा फरक विसरून जाण्याइतका लहान झाला.

आता कंडेन्सर. बेसचा पॉट फक्त बेसवरच का बोलतो? कारण पॉटच्या मधल्या पायापासून दोन्ही टोकांकडे एकेक कंडेन्सर जोडलेला असतो, दोन्ही सारख्याच किमतीचे. आपल्या उदाहरणात ते ४७ नॅनोफॅरडचे घेऊ. असा कंडेन्सर ५० हर्ट्झला सुमारे ६८ किलोओहमचा अडथळा करतो, पण १००० हर्ट्झला फक्त साडेतीन किलोओहमच्या जरा खाली. म्हणजे मधल्या आणि वरच्या सुरांसाठी पॉट जणू शॉर्ट झालेला असतो. नॉब कुठेही असो, त्यांना आत १० आणि बाहेर १० किलोओहमच दिसतात आणि ते जसेच्या तसे पुढे जातात. सूर जसजसा खाली उतरतो तसतसा कंडेन्सर बाजूला होतो आणि पॉटची सत्ता सुरू होते.

याचा एक परिणाम मला या सर्किटमधली सर्वात सुरेख गोष्ट वाटतो. नॉब पूर्ण वाढीवर असेल तर आपल्या उदाहरणात २०० हर्ट्झला साधारण ६ डेसिबल, १०० हर्ट्झला ११ आणि ५० हर्ट्झला १६ डेसिबल चढ मिळतो. नॉब मध्य आणि टोकाच्या अर्ध्यावर आणला की २०० हर्ट्झला काहीच होत नाही, १०० हर्ट्झला २ डेसिबल आणि ५० हर्ट्झला ५ डेसिबलच्या जरा आत. नॉब हळूच फिरवला तर परिणाम फक्त अगदी तळाच्या सुरांवर होतो, आणि जास्त फिरवत गेलं की तो वरच्या सुरांकडे पसरत जातो. पखवाजाची धूम जरा भरदार हवी असेल तर ती भरते आणि गाणाऱ्याचा गळा जिथल्या तिथे राहतो. जुन्या स्विचच्या सर्किटांत असं वागणं हवं असेल तर प्रत्येक टप्प्याला वेगळा कंडेन्सर लावावा लागे. इथे ते आपोआप घडतं, कारण नॉब फिरला की दोन्ही बाजूंच्या कंडेन्सरांशेजारचा रेझिस्टन्सही बदलतो.

ट्रेबलच्या पॉटचं तत्त्व हेच, फक्त कंडेन्सरची जागा उलटी. तिथे ट्रेबलच्या वाटेवरच लहान कंडेन्सर बसवलेला असतो. समजा तो २.२ नॅनोफॅरडचा आहे. १०० हर्ट्झच्या सुराला तो सात लाख ओहमहून मोठी भिंत आहे, म्हणजे ट्रेबलचा नॉब कुठेही फिरवा, बेसला त्याची खबर लागत नाही. १० किलोहर्ट्झला तोच कंडेन्सर सात हजार ओहमवर येतो, वाट खुली होते आणि टेकण कुठे आहे ते ट्रेबलचा पॉट ठरवतो. बेसच्या पॉटकडून टेकणाकडे येणाऱ्या वाटेवर एक रेझिस्टन्स ठेवलेला असतो, त्यामुळे वरच्या सुरांना बेसची वाट जड आणि ट्रेबलची हलकी पडते. दोन पॉट, एक टेकण, आणि कोणत्या सुराने कुणाचं ऐकायचं ते कंडेन्सर ठरवतात.

बॅक्संडॉल यांनी छापलेलं मूळ सर्किट आजच्यापेक्षा थोडं अवघड होतं. त्यांच्या ट्रेबलच्या पॉटला मधोमध एक चौथा पाय होता, आणि तो जमिनीला जोडलेला. त्यामुळे नॉब मध्यावर असताना ट्रेबलच्या वाटेने काहीच जात नसे, आणि वाढीचा अर्धा भाग घटीच्या अर्ध्या भागापासून पुरता वेगळा राही. कागदावर हे चोख होतं. पण असा चार पायांचा पॉट खास बनवून घ्यावा लागे आणि साध्या पॉटच्या मानाने महाग पडे. लवकरच लोकांच्या ध्यानात आलं की तो चौथा पाय काढून टाकला तरी फारसं काही बिघडत नाही. फीडबॅक आपलं काम करतोच. मग तोच साधा प्रकार सर्वत्र रूढ झाला. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, ट्रान्झिस्टरच्या सोयीने रेझिस्टन्स लहान आणि कंडेन्सर मोठे झाले, पुढे आयसी आले, पण जाळीचं चित्र बदललं नाही. बॅक्संडॉल यांनी सर्किट मासिकात छापून मोकळं केलं होतं. कुणीही पान उघडावं आणि बनवावं.

नावाच्या बाबतीत मात्र एक अन्याय झाला. बॅक्संडॉलचं नाव इतकं गाजलं की पुढे जेम्स यांच्या फीडबॅक नसलेल्या जाळीलाही लोक 'पॅसिव्ह बॅक्संडॉल' म्हणू लागले. बॅक्संडॉल यांनी जे नवं आणलं ते फीडबॅकच. तो काढून घेतला की उरतं ते १९४९ चं जेम्स यांचं काम, आणि त्याला जेम्स यांचंच नाव द्यायला हवं.

या सर्किटच्या मर्यादाही त्याच्या गुणांतूनच निघतात. पहिली मर्यादा म्हणजे त्याला आवाज 'मोकळ्या हाताने' देणारा टप्पा आधी हवा. पुष्कळ जण घरी जोडणी करताना व्हॉल्यूमच्या पॉटचा मधला पाय सरळ टोन कंट्रोलला जोडतात. व्हॉल्यूमचा पॉट स्वतः काही किलोओहमचा अडथळा असतो आणि तो आतल्या बाजूच्या १० किलोओहममध्ये मिसळतो. समजा तो १० किलोओहम आहे. मग मधोमध ६० ला ६० ऐवजी ६० ला ७० होतात आणि बेस सव्वा डेसिबल खाली. वरच्या सुरांना १० ला २० दिसतात, म्हणजे बेसच्या वाटेने ते ६ डेसिबल खाली. पूर्ण वाढ अकरापटीवरून साडेपाचपटीवर येते. फळीची एक बाजू लांब झाली, म्हणून मधोमध असूनही ती सपाट राहत नाही. त्यावर कडी म्हणजे व्हॉल्यूम फिरवला की हा अडथळाही बदलतो, म्हणजे आवाज कमी-जास्त केला की पोतही बदलतो. असं होत असेल तर बिघाड टोन कंट्रोलमध्ये शोधू नये, त्याच्या आधीच्या टप्प्यात शोधावा. मध्ये एक बफर बसवला की दुखणं जातं.

दुसरी मर्यादा पुढच्या टप्प्याची. बेस ११ डेसिबल चढवणं म्हणजे व्होल्टेज साडेतीनपट आणि स्पीकरकडे जाणारी ताकद जवळजवळ १३ पट. १० वॅटचा अँप्लिफायर एका वॅटवर निवांत वाजत असताना १०० हर्ट्झच्या सुरासाठी नॉब पूर्ण फिरवला की त्या एका सुराला १३ वॅट लागतात, आणि ते त्याच्याकडे नाहीतच. आवाज फाटतो आणि माणूस म्हणतो बेसचा नॉब खराब आहे. नॉब आपलं काम चोख करत असतो. लहान पेटीतला स्पीकर १०० हर्ट्झच्या खाली आवाज काढूच शकत नसेल तर तिथला चढ नुसता पडदा हलवण्यात वाया जातो, हेही लक्षात ठेवायला हवं. आणि मधल्या सुरांवर या सर्किटची सत्ता नाही. गाणाऱ्याचा आवाज नाकात येत असेल तर बेस आणि ट्रेबल कितीही फिरवले तरी तो सुटत नाही, कारण ज्या पट्ट्यात दोष आहे तिथे दोन्ही कंडेन्सर पॉटला गप्प बसवतात.

बॅक्संडॉल यांनी पुढची चार दशकं आवाजाच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम केलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये त्यांची पॉवर अँप्लिफायरवरची लेखमाला आली. १९८० साली त्याच मासिकात त्यांनी व्हॉल्यूम कंट्रोल मांडला, आणि त्यात पुन्हा हीच फळी होती. साधा लिनिअर पॉट फीडबॅकच्या टेकणावर ठेवायचा आणि दोन बाजूंच्या भागाकारातून कानाला हवा तसा चढ मिळवायचा. लॉग पॉट त्यांनी दुसऱ्यांदा अनावश्यक ठरवला. १९९५ साली त्यांचं निधन झालं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बेस-ट्रेबलचे तयार बोर्ड आजही मिळतात, आणि त्यांतल्या अनेकांवर तोच १९५२ चा नकाशा असतो, चौथा पाय वगळून. असा बोर्ड जोडणाऱ्याने एक गोष्ट जरूर करावी. पॉट जोडण्याआधी नॉब बरोबर मधोमध ठेवून मल्टिमीटरने मधल्या पायापासून दोन्ही टोकांपर्यंतचा रेझिस्टन्स मोजावा. १०० किलोओहमच्या पॉटला दोन्हीकडे ५० च्या आसपास आले तर पॉट लिनिअर आहे, खुशाल जोडा. एकीकडे १५ आणि दुसरीकडे ८५ आले तर तो व्हॉल्यूमसाठीचा लॉग पॉट आहे. आपल्या उदाहरणात तो बसवला तर बाजू २५ आणि ९५ होतात, आणि नॉबची खूण मध्यावर असूनही बेस जवळजवळ १२ डेसिबल पडलेला असतो. असा पॉट दुकानात परत करा आणि लिनिअर मागून घ्या.